पाडवा पिकासाठी थांबत नाही

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी जमीन खंडाने दिली-घेतली जाते ती पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. ना कागद, ना साक्षीदार. अब्बा सहा वर्षं तीन एकर असंच करत होते. २०२३च्या जानेवारीत मालकाच्या मुलाचा निरोप मोबाईलवर आला : "चाचा, पाडव्यापासून जमीन आम्हीच करणार आहे. तेवढी मोकळी करून द्या." पुण्यातलं काम सुटल्यामुळे तो गावी परतला होता. गावात दोघा-तिघांनी यात हिंदू-मुसलमान शोधून पाहिलं. पण त्याच महिन्यात शेजारच्या शिवारात एका मराठा कुटुंबालाही असाच निरोप मिळाला होता. ज्याची जमीन, त्याला ती हवी होती, एवढंच.

अडचण तारखेची होती. त्या वर्षी पाडवा २२ मार्चला होता. दीड एकरातली ज्वारी तोपर्यंत निघणार होती. उरलेल्या दीड एकरात डिसेंबरच्या शेवटी लावलेला उन्हाळी कांदा होता. लागणीपासून त्याला साधारण चार महिने लागतात, म्हणजे तो एप्रिलच्या मध्याआधी काढता येणार नव्हता. पाडवा कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये. पुढच्या वर्षी तो ९ एप्रिलला होता. आमचा रमजान तर सगळ्या ऋतूंमधून फिरतो. चंद्राची तारीख पिकासाठी थांबत नाही, हे आम्हाला कुणी सांगायला नको. कांदा हिरवा असताना उपटला तर तो वखारीत टिकत नाही, मिळेल त्या भावाला लगेच विकावा लागतो. म्हणून जमीन सोडायची बोली करताना दिवसाच्या जोडीला उभ्या पिकाचं नाव घेतलं पाहिजे : "ज्वारीचं रान पाडव्याला, कांद्याचं रान कांदा निघाल्यावर."

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आदल्या मे महिन्यात अब्बांनी तीन एकरांत बारा ट्रॉली शेणखत टाकलं होतं. तीन हजारांची एक ट्रॉली, म्हणजे छत्तीस हजार रुपये. वर्षाचा खंड पंचेचाळीस हजार होता, त्यावरून या रकमेचा अंदाज यावा. शेणखत हळूहळू कुजतं. ढोबळमानाने निम्मंच पहिल्या वर्षी पिकाला मिळतं, बाकीचं पुढच्या दोन-तीन हंगामांत. म्हणजे अठरा हजारांचं खत मातीत ठेवून अब्बा निघणार होते. ठिबकच्या नळ्या गुंडाळून घरी आणता येतात, खत आणता येत नाही. म्हणूनच ज्याला पुढच्या पाडव्याची खात्री नसते तो नुसत्या युरियावर भागवतो, आणि त्या रानाचा कस दरवर्षी उतरत जातो. त्याची झळ शेवटी मालकालाच लागते.

मग कागद का करत नाहीत? त्याचं मूळ १९४८च्या कुळकायद्यात आहे. कुळाने खंड थकवला तरी मालकाने तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी, असं तो कायदा म्हणतो. पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी असंख्य कुळं कायद्याने मालक झाली. कित्येक घरांना त्यामुळे भाकरी मिळाली. पण मालकांच्या मनात एक भीती बसली ती कायमची : कागद केला की कूळ लागतं. म्हणून सगळं तोंडी. सातबारावर पीक लागतं ते मालकाच्या खात्यावर. पीककर्ज, विमा, गारपिटीची भरपाई यांतलं काहीच कसणाऱ्याच्या नावावर येत नाही. कुळाला वाचवणाऱ्या कायद्याची भीती आज बिनकागदाच्या कुळालाच बाधते.

मी अब्बांना म्हटलं, तहसीलला जाऊ. ते म्हणाले, "जाऊन काय दाखवणार? आणि उद्यापासून या गावात आपल्याला जमीन कोण देईल?" दोन्ही प्रश्न खरे होते. खंडकऱ्याचं भांडवल म्हणजे त्याची पत. एका मालकाशी भांडण झालं की बाकीचे सावध होतात.

मग आम्ही थोरल्या मालकांकडे गेलो. अब्बांनी हक्काचा शब्द काढला नाही. त्यांनी फक्त खताचा हिशेब मांडला आणि कांद्याची लागण कधीची ते सांगितलं. थोरले स्वतः राबलेले. त्यांना मातीत काय उरलंय हे मुलापेक्षा जास्त कळत होतं. खंडाच्या शेवटच्या हप्त्यातून दहा हजार वजा झाले, आणि कांद्याला वाढीव खंड न लावता एप्रिलअखेरपर्यंत मुदत मिळाली. अठराचे दहा झाले, पण आमच्या भागात खताचे पैसे परत मिळाल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

रोजे चालू असताना कांदा काढला. आता अब्बा दुसरीकडे दोन एकर करतात. तिथे बोली ठरवताना त्यांनी दोन गोष्टी आधीच बोलून घेतल्या : सोडायचं असेल तर दिवाळीच्या आत, कांद्याचं रोप टाकायच्या आधी सांगायचं, आणि शेणखत टाकल्यापासून दोन वर्षांच्या आत जमीन परत घेतली तर उरलेल्या खताचे पैसे द्यायचे. हे मी वहीच्या पानावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. सही करायला नवे मालक तयार झाले नाहीत. "ध्यानात राहील," म्हणाले. ते पान अम्मीने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय.