प्रॉम्प्टसकट पत्रक

शाळेने पालकांना पाठवायच्या पत्रकाचा एक साचा ठरलेला असतो. ‘सातवीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने “आपल्या गावातील जुन्या वस्तू” ही सचित्र पुस्तिका तयार केली आहे. चित्रांसाठी योग्य ते प्रॉम्प्ट देण्यात आले. पालकांनी सहकार्य करावे.’ खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. या मजकुरात चुकीचे काही नाही, पण पालकाच्या मनातल्या एकमेव प्रश्नाचे उत्तरही नाही. चित्र यंत्राने काढले, तर माझ्या मुलीने काय केले, हा तो प्रश्न. ‘मार्गदर्शनाखाली’ किंवा ‘योग्य ते प्रॉम्प्ट’ अशा शब्दांनी तो सुटत नाही. उलट शाळा काहीतरी झाकते आहे असे वाटू लागते. माझे म्हणणे असे की अशा पत्रकात निदान एका चित्राचे प्रॉम्प्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत, फसलेल्यांसकट, जसेच्या तसे छापावे. मुलांचे काम चित्रात शोधून सापडत नाही. ते पहिल्या आणि शेवटच्या प्रॉम्प्टमधल्या अंतरात असते.

उदाहरण म्हणून मोटेचे चित्र घेऊ. पुस्तिकेत मोट हवी म्हणून मुले लिहितात, ‘विहिरीतून मोटेने पाणी काढणारे बैल.’ वाक्य बिनचूक आहे आणि घरातल्या आजोबांना ते पुरेसे आहे. यंत्राला मात्र ते पुरत नाही. ही साधने इंटरनेटवरची चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांच्या जोड्यांवर शिकवलेली असतात आणि त्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा असतो. ‘विहीर’ आणि ‘बैल’ यांच्या जोडीची चित्रे त्यात भरपूर. ‘मोट’ या शब्दाला चिकटलेले चित्र बहुधा नसतेच. मग यंत्र जवळचे काहीतरी देते. कधी चाकाभोवती गोल फिरणारे बैल येतात, म्हणजे रहाट झाला. कधी बैल विहिरीच्या काठावर नुसते उभे राहतात आणि शेजारी एक बाई बादली शेंदते. मोट न पाहिलेल्या मुलाला ही दोन्ही चित्रे खरी वाटतात, आणि खरे काम इथेच सुरू होते. चित्र चुकले आहे हे कळायला मोट कशी चालते हे माहीत असावे लागते.

दुसऱ्या खेपेला मुले सहसा लिहितात, ‘रहाट नको.’ याने काम बिघडते. नकार न समजणे हा या साधनांचा जुना कच्चेपणा आहे. ‘रहाट’ हा शब्द आला की ‘नको’ मागे पडते आणि रहाट चित्रात हजर होतो. काही साधनांत नको असलेल्या गोष्टी लिहायला वेगळा रकाना असतो, पण साध्या प्रॉम्प्टमध्ये काय नको ते लिहिण्यापेक्षा त्या जागी काय हवे ते लिहावे लागते. ते लिहायचे तर माहिती हवी, आणि माहिती आजोबांकडे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, तिला खालून सोंड. वरून जाड दोर म्हणजे नाडा, तो विहिरीवरच्या चाकावरून जातो. सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. मोट वर येईपर्यंत सोंड दुमडलेली राहते, आणि मोट काठाशी पोचली की सोंडेचे तोंड थारोळ्यात येऊन पाणी आपोआप ओतले जाते. बैल गोल फिरत नाहीत. विहिरीकडे पाठ करून ते धावेच्या उतारावरून खाली जातात, तेव्हा मोट वर येते. मग ते मागे सरकत पुन्हा विहिरीपाशी येतात, तेव्हा मोट खाली जाते. हे सगळे लिहून काढल्यावर प्रॉम्प्टचा मसुदा असा होतो: ‘दगडी विहीर, बाजूने दिसणारी, चित्राच्या डाव्या कडेला. काठावर दोन लाकडी खांब, त्यांच्यामध्ये लाकडी चाक. चाकावरून जाड दोर, दोराला टांगलेली चामड्याची भरलेली पिशवी. उजवीकडे उतरत जाणारी मातीची वाट. त्या वाटेवर दोन बैल, तोंडे उजवीकडे, दोर त्यांच्या जुवाला बांधलेला. जाड काळी रेघ, सपाट रंग.’ यात ‘मोट’ हा शब्द कुठेच नाही, आणि तरी मोटेबद्दल इतके काही मुलांच्या वहीत आधी कधी आलेले नसते.

‘बाजूने दिसणारी’, ‘डाव्या कडेला’, ‘तोंडे उजवीकडे’ हे शब्द उगाच आलेले नाहीत. पुढे-मागे, पाठ करून, समोरून अशी नाती यंत्र सहज उलटी करते. डावे-उजवे सांगितले की गोंधळ कमी होतो, तरी अजिबात संपत नाही. एवढे करूनही सोंड आणि सोंदूर बहुतेक चित्रांत येत नाहीत. पिशवी येते, पण तिला सोंड नसते. एक दोर येतो, दुसरा हवेतच संपतो. अशा वेळी छापलेल्या चित्रावर मुलांनी पेनने सोंड आणि दोर काढावा, आणि पत्रकात तसे सरळ लिहावे: ‘सोंड आणि बारीक दोर मुलांनी हाताने काढले आहेत, यंत्राला ते जमले नाहीत.’ या एका वाक्यातून यंत्र कुठवर गेले आणि मूल कुठून पुढे गेले, ते पालकाला दिसते.

यावर पहिला आक्षेप मुख्याध्यापकांच्याच खुर्चीतून येतो: एवढे लांब पत्रक वाचणार कोण? सगळे पालक वाचणार नाहीत, हे खरे आहे. पण तीन प्रॉम्प्ट आणि तीन छोटी चित्रे एका पानात मावतात, आणि चित्राखालचा मजकूर माणूस वाचतोच. लांबी वाढते ती ‘एकविसाव्या शतकातील कौशल्ये’ वगैरे परिच्छेदांनी. ते काढले की जागा होते. दुसरी अडचण अधिक खरी आहे. प्रॉम्प्ट शिक्षकांनी इंग्रजीत करून दिला असेल, तर पत्रकात कोणता छापायचा? दोन्ही. मुलांचा मराठी मसुदा हे मुलांचे काम, भाषांतर शिक्षकांचे, आणि हा फरक दिसू द्यावा. शिवाय काही साधने आपण लिहिलेले वाक्य जसेच्या तसे वापरत नाहीत. ती आधी स्वतःच ते फुगवतात; डाल-ई ३ मध्ये अशी फेररचना उघडपणे होत असे. मग मुलांनी न मागितलेला सोनेरी सूर्यास्त येतो आणि बैलांच्या गळ्यात झेंडूच्या माळा येतात. वर्गात सगळ्यांना ते चित्र आवडते, आणि नेमके तेच चित्र मुलांचे सर्वांत कमी असते. यंत्रापर्यंत शेवटी कोणते वाक्य पोचले ते साधन दाखवत असेल तर तेही छापावे, आणि माळा कुणी घातल्या ते सांगून टाकावे.

तिसरा आक्षेप चित्रकलेच्या शिक्षकांचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मूल बैल काढायला शिकणार कधी? इथे पत्रकाने गोड बोलू नये. या प्रकल्पाने हात वळत नाही, आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीत त्याचा उपयोग नाही. म्हणून त्याचे गुण चित्रकलेत धरू नयेत. परिसराच्या अभ्यासात किंवा मराठीच्या लेखनात धरावेत, आणि ते कुठे धरले हे पत्रकात लिहावे. चित्रकारांशी जोडलेला आणखी एक मुद्दा आहे. ‘अमुक चित्रकाराच्या शैलीत’ असे लिहिले की चित्र झटकन देखणे होते, हे मुलांना पटकन कळते. पोलंडचे चित्रकार ग्रेग रुटकोव्स्की यांचे नाव 2022 मध्ये असेच असंख्य प्रॉम्प्टमध्ये आले. त्यांना ते आवडले नाही, आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. शाळेने हयात चित्रकाराचे नाव प्रॉम्प्टमध्ये न घेण्याचा नियम करावा. त्याऐवजी ‘जाड काळी रेघ, सपाट रंग’ असे गुण लिहावेत. एरवी मुलांना एखादे चित्र का आवडते ते सांगता येत नाही, आणि या नियमामुळे ते शोधावे लागते.

सर्वांत टोकदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. मोटेची खरी छायाचित्रे उपलब्ध असताना खोटे चित्र कशाला? पुरावा म्हणून हवे असेल तर छायाचित्रच घ्यावे, यात वाद नाही. यंत्राने काढलेले चित्र पुरावा नसतो, आणि पुस्तिकेत त्याच्याखाली तसे छापायलाच हवे. नाहीतर चार वर्षांनी तेच चित्र कुणाच्या तरी भाषणात ‘आमच्या गावची मोट’ म्हणून फिरेल. पण छायाचित्रासमोर मूल नुसते बघते. यंत्रासमोर त्याला सांगावे लागते, आणि सांगण्यात राहिलेली प्रत्येक फट यंत्र आपल्या मनाने बुजवते. बैलांची तोंडे कुठे हे सांगितले नाही, तर ती विहिरीकडे वळतात. आपल्याला काय माहीत नव्हते ते अशा चुकीतून समोर येते. छायाचित्र त्यानंतर दाखवावे, ताडून पाहण्यासाठी. पत्रकातही हाच क्रम दिसावा: मसुदा, फसलेले चित्र, सुधारलेला मसुदा आणि शेवटी छायाचित्राशी तुलना.

परवानगीचा भाग थोडक्यात पण नेमका हवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक आहे, आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे साधनाचे खाते शिक्षकांचे, मुलांच्या नावाने खाते नाही. मुलांचे किंवा घरच्यांचे छायाचित्र साधनात टाकले जाणार नाही. प्रॉम्प्टमध्ये कुणाचे नाव, गाव, आडनाव येणार नाही, हे तीन मुद्दे काम सुरू होण्याआधीच कळवलेले असावेत. अर्थात त्या वेळी मुलांचे प्रॉम्प्ट नसतात. म्हणून पत्रके दोन लागतात: आधीचे संमतीचे, त्यात शिक्षकांनी लिहिलेला एखादा नमुना, आणि नंतरचे, मुलांच्या मसुद्यांचे. दोन्ही एकाच कागदात कोंबली की संमती नावापुरती उरते. दुसऱ्या पत्रकात फसलेले प्रॉम्प्ट छापताना मुलांची नावे टाळून गटाचा क्रमांक द्यावा. साधनाचे नाव आणि तारीख मात्र लिहावी, कारण त्याच वाक्याला पुढच्या वर्षी, किंवा पुढच्याच मिनिटाला, वेगळे चित्र येते.

हे दुसरे पत्रक पाठवायची वेळ सहज चुकते. पुस्तिका छापून झाल्यावर ते गेले तर तो नुसता समारंभाचा निरोप होतो. ते चित्रे तयार झाल्यावर पण छपाईच्या आधी, आठवडाभराची सवड ठेवून जायला हवे. त्याचे शेवटचे वाक्य ‘सहकार्य करावे’ असे न लिहिता असे लिहिता येईल: ‘घरात किंवा शेजारी मोट हाकलेले कोणी असतील तर त्यांना हे चित्र दाखवा आणि जे चुकले असेल ते याच कागदावर खूण करून शुक्रवारपर्यंत परत पाठवा.’