फाइल अडतीस पानांची, सारांश एका पानाचा

आपल्या वयाच्या माणसाला रुग्णालयातून घरी सोडतात तेव्हा हाती एक जाड फाइल येते. पुढच्या डॉक्टरांना ती सगळी वाचायला वेळ नसतो, म्हणून घरातले कुणीतरी तिचा एक पानी सारांश तयार करते. हा सारांश मूळ कागदांशी प्रामाणिक आहे की नाही, हे कसे पडताळावे याविषयी आज लिहितो.

आमच्या खडवलीतल्या शेजारच्या काकू, वय ७४, जुलाब, उलट्या आणि छातीतल्या अस्वस्थतेमुळे पाच दिवस रुग्णालयात होत्या. कल्याणच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचे ठरले, तेव्हा पुतण्याने अडतीस पानांचा सारांश लिहिला आणि ‘काका, एकदा नजर टाका’ म्हणून माझ्याकडे आणला. भाषा स्वच्छ होती. परंतु स्वच्छ भाषा हा खरेपणाचा पुरावा नव्हे. म्हणून मी त्याला एवढेच सांगितले, की प्रत्येक वाक्यापुढे फाइलमधला पान क्रमांक लिही; ज्या वाक्याला पान सापडणार नाही, ते खोडायचे.

पहिले वाक्य होते : ‘हृदयविकाराचा झटका येऊन गेला.’ त्याला पान ३ मिळाले. परंतु तिथे ‘हृदयविकाराचा झटका’ या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह होते आणि शेजारी ‘रूल आउट’ लिहिले होते. याचा अर्थ झटका आला असा नाही. तो आलेला नाही ना, हे तपासून पाहावे, असा आहे. पुढे ईसीजीत नवा बदल नव्हता, काही तासांच्या अंतराने दोनदा केलेली ट्रोपोनिनची रक्ततपासणी मर्यादेत होती, आणि घरी सोडतानाच्या अंतिम निदानात केवळ जुलाब व शरीरातील पाणी कमी होणे एवढेच होते. दाखल करतानाची शंका सारांशात निदान होऊन बसली होती. शंका आणि निदान यांत मतभेद दिसला, तर शेवटच्या तारखेचा कागद आधी पाहावा.

दुसरे वाक्य : ‘मूत्रपिंडे निकामी होत आहेत.’ हे कोणत्याच पानावर नव्हते. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन १.९ होते, पुतण्याने तेवढाच आकडा पाहून निष्कर्ष काढला होता. पाचव्या दिवशी तेच १.१ झाले होते. शरीरातील पाणी घटले की हा आकडा चढतो आणि भरून निघाले की पुष्कळदा उतरतो. तरीही सारांशात आपण हे स्पष्टीकरण लिहू नये. दोन्ही आकडे तारखांसह द्यावेत. अर्थ डॉक्टर लावतील.

तिसरे वाक्य अधिक फसवे होते : ‘रक्तदाबाची गोळी बंद केली.’ पान ३८ वर ‘पुढील तपासणीपर्यंत तूर्त थांबवावी’ असे होते. ‘तूर्त’ हा एक शब्द गळला आणि काही दिवसांचा विराम कायमचा झाला. ‘तूर्त’, ‘संभाव्य’, ‘गरज पडल्यास’, ‘नाही’ असे शब्द मूळ कागदावर अधोरेखित करून ते सारांशात उतरले आहेत का, हे पाहावे.

शेवटचे वाक्य होते, ‘सलाइन उगाच जास्त दिले.’ हे पुतण्याचे मत होते. ते मांडायचा त्याला अधिकार आहे, पण सारांशात नव्हे. आम्ही वेगळा कागद घेतला, त्यावर ‘आमचे प्रश्न’ असे शीर्षक दिले आणि ते वाक्य तिथे प्रश्न म्हणून लिहिले. तसेच, ‘रुग्ण सांगते’ आणि ‘तपासणीत आढळले’ या दोन गोष्टीही एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

इथवर सारांशाकडून फाइलकडे गेलो. त्यानंतर उलट दिशेने जावे लागते, कारण गाळलेली गोष्ट पान क्रमांकाने सापडत नाही. फाइल पहिल्या पानापासून उलटत, ‘हे सुटले तर उपचार बदलेल का?’ असे विचारत गेलो. पान २ वर परिचारिकेने नोंदवले होते, की काकूंना सल्फा औषधाने अंगावर पुरळ येते. सारांशात याचा उल्लेखच नव्हता. ती नोंद आम्ही सर्वांत वर घेतली.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. सारांश फाइलशी जुळला म्हणजे फाइल बरोबरच आहे, असे ठरत नाही. वाचता न येणारे अक्षर अंदाजाने लावू नका. ‘पान अमुक, वाचता आले नाही’ असेच लिहा. एखादे पान नसेल तर रुग्णालयाकडे मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. आणि सारांश नेताना मूळ फाइलही बरोबर न्या. पान क्रमांक लिहिलेले असले, की डॉक्टरांना हवे ते पान तत्काळ उघडता येते.