एक घर, तीन डोकी, तीन तेलं



दिवाळीनंतर माझ्या मुलीनं पार्लरमध्ये जाऊन केस फिके करून घेतले आणि वर तांबूस रंग लावला. मी बोलायचं ते बोलले. दोनच महिन्यांत तिच्या फणीत केसांचा गुंता दिसायला लागला. ती म्हणाली, "आई, तुझं खोबरेल बंद, मी आता आर्गन लावते." दर शनिवारी माझ्या पुढ्यात बसणारी मुलगी बसायची थांबली, याचंच मला जास्त लागलं.

मग एकदा फणीतले केस पांढऱ्या कागदावर पसरून पाहिले. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा गड्डा असतो. हिचे बहुतेक केस बोटभर लांबीचे, गड्डा नसलेले होते. म्हणजे केस गळत नव्हते, मधेच तुटत होते. हा फरक महत्त्वाचा, कारण गळतीवर यातलं कुठलंच तेल औषध नाही. तेलाचं काम डोक्याबाहेर आलेल्या केसावर असतं, आणि तो केस निर्जीव असतो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ धरली, तर कंबरेजवळचं टोक चार-पाच वर्षांचं जुनं असतं. झालेली झीज भरून येत नाही, पुढची थांबवता येते.

केस पाण्यात फुगतो आणि वाळताना आकसतो. प्रत्येक धुण्याला असं होऊन त्याच्यातली प्रथिनं थोडीथोडी निघून जातात. फिका केलेला केस तर पाणी फारच पटकन पितो. इथे खोबरेल उपयोगी पडतं. त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो आणि पाण्याला आत जागा कमी उरते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना होती. प्रथिनांची हानी कमी केली ती फक्त खोबरेलानं, चांगल्या केसांत आणि खराब झालेल्या केसांतही.

बदाम तेलात मुख्यतः ओलिक आम्ल. त्याचा रेणू लांब आणि वाकडा, त्यामुळे ते खोबरेलाइतकं आत जात नाही. बरंचसं वर राहून केस मऊ करतं. आर्गन हे मोरोक्कोतल्या झाडाच्या बियांचं तेल, तिथल्या बायका त्या दगडानं हातानं फोडतात. त्यात ओलिक आणि लिनोलिक आम्लं, म्हणजे गुणानं ते बदामाच्या जवळचं. तेही मुख्यतः वरच बसतं, चमक देतं, केसाला केस घासू देत नाही.

चूक अशी होत होती, की मुलगी महागडं आर्गन न्हाण्याआधी लावायची आणि शाम्पूनं धुऊन टाकायची. आम्ही क्रम बदलला. आदल्या रात्री दोन चमचे कोमट खोबरेल फक्त लांबीवर, टाळूवर नाही. सकाळी सौम्य शाम्पू. केस दमट असताना आर्गनचे तीन थेंब तळहातावर चोळून टोकांना, आणि मग रुंद दातांची फणी खालून वर. दीड-दोन महिन्यांत कागदावरचे तुकडे बरेच कमी झाले. आधी दुभंगलेली टोकं मात्र कापावीच लागली.

सासूबाईंचे पांढरे केस जाड आणि राठ. खोबरेलानं ते काथ्यासारखे ताठ होतात, अशी त्यांची जुनी तक्रार, आणि काहींच्या केसांना तसं होतंही. त्यांना बदाम तेल मानवलं. माझे केस पातळ आणि तेलकट. आर्गननं ते चिपकतात, म्हणून मला न्हाण्याआधी तासभर खोबरेल पुरे. कोंडा असेल तर मात्र टाळूवर कुठलंच तेल थापू नका, कोंड्याची बुरशी तेलातल्या आम्लांवरच पोसते. बदामाची ॲलर्जी असेल तर ते तेलही नको.

बाटली घेताना मागची यादी वाचा. बदामाचं चित्र पुढे, पण यादीत पहिलं नाव लिक्विड पॅराफिन असेल, तर ते मुख्यतः खनिज तेल आहे. आर्गन सीरममध्ये पहिलं नाव डायमेथिकोन असेल, तर चमक सिलिकॉनची. आणि केराटिन लिहिलं असेल, तर ते बहुधा लोकर, पिसं किंवा शिंगांपासून काढलेलं असतं. आपल्या घरात ते चालेल का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आता शनिवारी रात्री मुलगी पुन्हा पाटावर पाठ करून बसते. रंगाबद्दल मी काही बोलत नाही. वाटी कोमट करते आणि टोकांपासून सुरुवात करते.