प्रत्ययाचा कान

मराठी बोलण्यात ‘ला’ कुणासाठी बदलत नाही: वाघाला, मुलीला, गुरूला. सिरोंच्याकडे ऐकू येणारी तेलुगू घ्या. तिच्या प्रमाण रूपात प्रत्यय आधीचा स्वर ऐकतो. ‘पुलि’ म्हणजे वाघ, त्याचे ‘पुलिकि’. ‘चेट्टु’ म्हणजे झाड, त्याचे ‘चेट्टुकु’. आता ‘पिल्लि’, मांजर, हिला प्रत्यय लावून पाहा. ‘पिल्लिकि’ आपोआप येते. कुणी म्हणेल, ‘तुला’साठी ‘नीकु’ का? खरे आहे, सर्वनामे हट्टी असतात. पण चार अपवादांनी नामांची शिस्त मोडत नाही. शिवाय ही नुसती शेजारच्या स्वराची नक्कल म्हणावी, तर अनेकवचन पाहा: ‘पिल्लि’ला ‘लु’ लागला की ‘पिल्लुलु’. इथे उलट प्रत्ययानेच शब्दाचा ‘इ’ आपल्याकडे ओढला. मग ‘मांजरांना’? ‘पिल्लुलकु’. ‘इ’ गेला, तसा ‘कि’ही गेला.