कामात असलेल्या माणसाला काय म्हणावे?

इस्तंबूल, कराकॉय

तीर्थस्वरूप दादांस, शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपण इंग्रजीवरून जी तुर्की कथा मराठीत आणीत आहां, तिच्यात पानोपानी येणाऱ्या ‘कोलाय गेल्सिन’ या उद्गाराचे काय करावे, असे आपण विचारले होते. त्याचा अक्षरार्थ ‘सोपे जावो’ एवढाच. परंतु तो कोठे उच्चारला जातो हे पाहिल्याखेरीज त्याचा भाव उकलत नाही. येथे गलाता पुलाजवळ पेर्शेम्बे पाझारी नावाचा लोखंडी सामानाचा बाजार आहे. तेथील एका कारखान्यात लेथवर वाकलेल्या कारागिराला उंबऱ्यातूनच एका गिऱ्हाइकाने हे शब्द म्हटले, आणि कारागिराने मान वर न करता, हातातील पोलादी तुकडा तसाच फिरत ठेवून, ‘सा ओलुन’ असे आभाराचे उत्तर दिले. थोड्या वेळाने आपला जिन्नस घेऊन बाहेर पडताना त्या गृहस्थाने पुन्हा तेच शब्द उच्चारले.

रस्ता झाडणाऱ्याला, कचेरीतील कारकुनाला, विणकाम करीत बसलेल्या आजीबाईंना, पुस्तकात डोके घातलेल्या विद्यार्थ्याला, सर्वांना हे एकच वाक्य चालते. बोलणारा दर्जाने वरचा की खालचा, याचा मुलाहिजा त्यात नसतो. अट एवढीच, की काम अद्याप बाकी असावे. स्वयंपाक होऊन ताट समोर आले, की मग रांधणाऱ्या हातांना आरोग्य चिंतणारे ‘एलिनिझे सालिक’ म्हणावयाचे. दुकानदाराच्या धंद्याला बरकत चिंतावयाची, तर ‘हायर्ली इश्लेर’ हा वेगळा शब्दप्रयोग आहे. आणि पुलाच्या कठड्याशी गळ टाकून उभ्या असलेल्यांना तर ‘रास्तगेले’ म्हणण्याचा शिरस्ता आहे, कारण तेथे श्रमापेक्षा मासा लागण्याचा योग महत्त्वाचा.

आपला आज्ञाधारक बंधू

रिझे, काळ्या समुद्राचा किनारा

तीर्थस्वरूप दादांस, शि. सा. नमस्कार वि. वि.

येथे समुद्रालगतच डोंगर उभे राहतात आणि त्यांच्या तीव्र उतारांवर चहाचे मळे आहेत. पात्याला कापडी पिशवी जोडलेली मोठी कात्री घेऊन बायका झुडपांचे शेंडे छाटतात, आणि पाला आपोआप त्या पिशवीत पडतो. आमच्या मोटारीच्या चालकाने खिडकीतून ‘कोलाय गेल्सिन’ अशी हाक घातली. वरून तिला उत्तर आले, परंतु कात्रीची खटखट काही खंडित झाली नाही. आपल्याकडील शिष्टाचाराशी तुलना करण्याची खरी गरज मला या जागी भासली.

आपण बांधावरून जाताना ‘काय पाटील, कुठवर आली लावणी?’ असे विचारतो. त्या प्रश्नाला तंतोतंत उत्तराची अपेक्षा नसते, हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही पाटील कंबर सरळ करतात, चार शब्द बोलतात, क्वचित पाणी विचारतात, आणि निघताना आपण ‘बरं, चालू द्या’ म्हणतो. म्हणजे आपले सौजन्य काम करणाऱ्याला घटकाभर थांबवून विसावा देते. तुर्कांचे सौजन्य त्याला थांबण्याची तसदी न देता पुढे जाते. दोहोंत आस्था सारखीच आहे.

इंग्रजी बोलणारा अशा वेळी बहुधा नुसते ‘मॉर्निंग’ म्हणेल, ओळखीच्याला ‘हाउज इट गोइंग’ विचारील, फार सलगी असेल तर थट्टेने ‘डोन्ट वर्क टू हार्ड’ म्हणेल. ‘कीप अप द गुड वर्क’ ही वरिष्ठाची शाबासकी आहे, आणि ‘गुड लक’मध्ये फळ लाभेल की नाही याची शंका असते, म्हणून ही दोन्ही येथे बसत नाहीत. आपल्या इंग्रजी प्रतीतील ‘मे इट कम ईझी’ हे अक्षरास अक्षर ठेवून केलेले आहे; कोणी इंग्रज ते सहजगत्या बोलणार नाही.

तेव्हा माझी विनंती अशी, की ‘तुमचे काम सोपे होवो’ असे कोठेही लिहू नये. मराठीत ते कीर्तनकाराच्या आशीर्वादासारखे ऐकू येईल. दुकानात पाऊल टाकणाऱ्या पात्राच्या तोंडी ‘काय, काम जोरात दिसतंय!’ घालावे, बाहेर पडणाऱ्याच्या तोंडी ‘चालू द्या’, अभ्यास करणाऱ्या मुलासाठी ‘चालू दे अभ्यास’, आणि वाटेवरील अनोळखी मजुरासाठी केवळ ‘रामराम’. एका तुर्की वाक्याची अशी चार मराठी वाक्ये झाल्याने झाडूवाला आणि हेडक्लार्क यांना एकच शब्द मिळण्यातील समता हरवते, हे मला मान्य आहे. ती राखावयाची असेल, तर कथेत जेथे दोघांची एकापाठोपाठ गाठ पडते, त्या एकाच प्रकरणात दोन्ही ठिकाणी ‘चालू द्या’ ठेवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक बंधू