बुधवार किती वेळा आला?

आमच्या हेल्पडेस्कवर मदतीला आणखी एक माणूस मिळणार होता, पण आठवड्यातून फक्त दोनच दिवस. कोणते दोन, हे ठरवायला साहेबांनी जुलै 2024 च्या तक्रारींचा गोषवारा मागितला. एक्सेलमध्ये तिकीट क्रमांक, तारीख आणि प्रकार असे तीन रकाने होते.

पिव्हट टेबलला तारखेवरून वार आपोआप मिळत नाही. म्हणून शेजारी चौथा रकाना केला:

```
=WEEKDAY(B2,2)
```

यात सोमवार 1 आणि रविवार 7 होतो. मात्र त्याआधी तारखा तपासल्या. आपण दिवस आधी लिहितो. संगणकाची मांडणी महिना आधी असेल, तर 05/07/2024 म्हणजे त्याच्या लेखी 7 मे. तो ही चूक मुकाट्याने करतो. 13 तारखेपासून पुढच्या नोंदी त्याला तारीख वाटतच नाहीत. त्या रकान्यात डावीकडे चिकटतात आणि सूत्र `#VALUE!` दाखवते. तसे दिसले, तर पहिल्या बारा दिवसांवरही विश्वास ठेवू नये. आमच्या तारखा सगळ्या उजवीकडे होत्या आणि महिनाही जुलैच होता.

मग पिव्हटमध्ये `Rows` मध्ये प्रकार, `Columns` मध्ये वार आणि `Values` मध्ये तिकीट क्रमांक टाकला. क्रमांक आकडेच असल्याने एक्सेलने त्यांची बेरीज केली. ती बदलून `Count` केले. खालच्या ओळीत एकूण तक्रारी आल्या: सोमवारी 110, मंगळवारी 80, बुधवारी 76, गुरुवारी 56, शुक्रवारी 60, शनिवारी 36. साहेब म्हणाले, "झालं तर मग, सोमवार आणि मंगळवार."

मी भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. त्या जुलैत सोमवार, मंगळवार आणि बुधवार पाच-पाच वेळा आले, बाकीचे वार चार-चार वेळा. त्यातही 17 तारखेच्या बुधवारी मोहरमची सुट्टी होती, म्हणजे कामाचे बुधवार चारच. पिव्हट तक्रारी मोजते, कामाचे दिवस मोजत नाही. बंद दिवसाची नोंदच नसते, मग तो तिला कसा दिसणार? भागाकार आपणच करायचा. सोमवारी दिवसाला 22 तक्रारी, मंगळवारी 16 आणि बुधवारी 19. मंगळवार बुधवारच्या मागे पडला.

प्रकारांच्या ओळींनी आणखी एक गोष्ट सांगितली. सोमवारची गर्दी बहुतेक विसरलेल्या पासवर्डची होती, पाच मिनिटांत सुटणारी. बुधवारी प्रिंटर आणि नेटवर्क जास्त, म्हणजे जागेवरून उठून जायचे काम, आणि तेवढा वेळ फोन वाजत राहतो. मोजणीत दोन्ही तक्रारी एकेकच. कामाला लागलेला वेळ नोंदीत नव्हता, त्यामुळे तो पिव्हटमधून निघणे शक्यच नव्हते.

एका महिन्यात चार-पाचच बुधवार. एखाद्या दिवशी नेटवर्क बसले, तरी सरासरी फुगते. म्हणून बुधवारच्या चारही तारखा वेगळ्या काढून पाहिल्या: 18, 20, 19, 19. एकही दिवस वेगळा पडला नव्हता. सोमवार आणि बुधवार ठरले.