दीड किलोमीटर फक्की!

आमच्या शाळेच्या मैदानावरचा धावण्याचा ट्रॅक २०० मीटरचा. तो आखायला किती लांब रेघ मारावी लागते, सांगा बघू? एक हजार पाचशे बावन्न मीटर! दीड किलोमीटरहून जास्त, आणि तीही मैदानाच्या कुंपणाबाहेर पाऊल न टाकता. हा आकडा हाती आला तेव्हा मी शिक्षकखोलीत अक्षरशः उठून उभा राहिलो. मी मराठीचा शिक्षक. क्रीडास्पर्धांच्या समितीत माझं नाव घातलं गेलं आणि वाट्याला आलं ‘फक्की आणणे’. दरवर्षी किती आणता, असं विचारलं तर पी.टी.चे सर म्हणाले, “आणा पाच-सहा पोती, लागतील तशी वापरू.” पण बिलावर सही माझी होती, म्हणून म्हटलं, एकदा हिशेब तरी मांडू. तो मांडला आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलो आहे.

आधी लांबीचं बघा. आमचा ट्रॅक म्हणजे दोन सरळ बाजू, प्रत्येकी ४० मीटर, आणि दोन टोकांना दोन अर्धवर्तुळं. पट्टे सहा, म्हणजे रेघा सात. पहिल्या पट्ट्यातला मुलगा आतल्या रेघेवरून पळत नाही, तिच्या २० सेंटीमीटर बाहेरून पळतो असं मोजमापात धरतात. (कडेला उंच कठडा असेल तर ३० धरतात, आमच्याकडे कठडा कुठला!) म्हणून अर्धवर्तुळांची त्रिज्या रेघेसाठी १८.९० मीटर आणि पळणाऱ्यासाठी १९.१०. सगळ्यात आतली रेघ भरते १९८.७५ मीटर. पट्ट्याची रुंदी १.२२ मीटर, तेव्हा पुढची रेघ तेवढ्याने बाहेर सरकते आणि तिची लांबी ७.६७ मीटरने वाढते. तिसरी आणखी ७.६७ ने. चौथीही तेवढ्यानेच!

इथे मी थांबलो. त्रिज्या वाढतेय, रेघ मोठी होतेय, मग वाढ दरवेळी तेवढीच कशी? तर ती फक्त पट्ट्याच्या रुंदीवर ठरते: दोन गुणिले पाय गुणिले १.२२, बस्स. मूळ वर्तुळ केवढं याच्याशी तिचा काही संबंध नाही. ४०० मीटरच्या मोठ्या स्टेडियममध्येही दोन शेजारच्या रेघांमधला फरक हाच येणार. आणि गंमत म्हणजे एका फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या पट्ट्यातल्या पोराला पहिल्याच्या पुढे उभं करतात ते याच ७.६७ मीटरने! सहाव्याला तर ३८.३३ मीटर पुढे. पालक दरवर्षी ओरडतात, “आमच्या पोराला मागे का उभं केलं?” त्याचं उत्तर फक्कीच्या हिशेबातच पडून होतं.

वाढ सारखी असल्यामुळे बेरीजही सोपी होते. पहिली रेघ १९८.७५, सातवी २४४.७४, दोघींची सरासरी काढा आणि सातने गुणा. झाले १,५५२. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आडव्या रेघा मिळून पंधरा-वीस मीटर, त्या यात कुठे दिसतही नाहीत.

आता रुंदी. रेघ ५ सेंटीमीटर रुंद हवी, म्हणजे २० मीटर लांब रेघेचं क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर. आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा तर माल लागतो बरोबर एक लिटर. अहो, कसलं सुबक आहे हे! वीस मीटर रेघ, एक मिलिमीटर थर, एक लिटर फक्की. ना कॅल्क्युलेटर, ना कागद. १,५५२ भागिले २०, म्हणजे साधारण ७८ लिटर. रंगालाही हाच नियम, फक्त थर पातळ. गुळगुळीत सिमेंटवर ब्रशने रंगाचा एक हात मारला की ओला थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बसतो, म्हणजे लिटरभर रंगात २०० मीटर रेघ. दोन हात द्यायचे तर १०० मीटर. सिमेंट खरबरीत असेल तर रंग खड्ड्यांत जिरतो आणि हा आकडा झपाट्याने खाली येतो.

पण फक्की दुकानात मिळते किलोवर आणि आपला हिशेब लिटरमध्ये. त्यावर उपाय असा सापडला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. प्रयोगशाळेतून लिटरचं माप आणलं, गेल्या वर्षीच्या उरलेल्या पोत्यातली फक्की चाळून त्यात भरली आणि काट्यावर ठेवली. ९०० ग्रॅम. खडूच्या जातीची पूड साधारण एवढी भरते. विरी गेलेला चुना मात्र फार हलका, लिटरला अर्धा किलोच्या आसपास. म्हणजे ‘अमुक मीटरला अमुक किलो’ हा कुणाचा ऐकीव आकडा आपल्या मालाला लागू पडेलच असं नाही.

चुना आणि खडू यांतला फरक नुसता वजनाचा असता तर चाललं असतं. चुना घामावर बसला की आग होते, डोळ्यात गेला तर इजा करतो, आणि त्या रेघेवर पोरं अनवाणी पळतात, पडतात. दुकानदार दोन्हीला फक्कीच म्हणतो. मग ओळखायचं कसं? हळदीने! चिमूटभर फक्की थोड्या पाण्यात कालवून त्यात हळद टाकायची. लालभडक झाली तर चुना. जवळपास पिवळीच राहिली तर खडूची किंवा दगडाची पूड. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात हे लहानपणापासून ऐकलेलं, पण रंगाच्या दुकानाच्या काउंटरवर ते कामाला येईल असं कधी वाटलं होतं का? मी खिशातून हळदीची पुडी काढली तेव्हा दुकानदार माझ्याकडे असा बघत राहिला, की मी तिथेच पूजा मांडणार आहे. पहिला नमुना लाल झाला. दुसरा पिवळा राहिला, तो घेतला.

माल आणण्याआधी एक गोष्ट मात्र करायलाच हवी, आणि ती कुठल्याही सूत्रापेक्षा खरी: वीस मीटर रेघ प्रत्यक्ष मारून बघणे. आमचे शिपाई मामा फक्कीची गाडी चालवतात. दोन चाकं, वर पत्र्याची पेटी, खाली फट. पेटी भरून गाडी तोलली, सुतळी ताणून मामांनी वीस मीटर रेघ मारली, गाडी पुन्हा तोलली. फरक १ किलो १०० ग्रॅम. म्हणजे मीटरला ५५ ग्रॅम. हिशेबातल्या ९०० ग्रॅमपेक्षा जास्त, कारण आमच्या मुरमाच्या मैदानावर बारीक खळगे आहेत आणि थर मिलिमीटरपेक्षा थोडा जाडच पडतो. ५५ ग्रॅम गुणिले १,५५२, म्हणजे ८५ किलो. दुपारपर्यंत आतले पट्टे पायांनी पुसले जातात, म्हणून पहिल्या तीन रेघांवर अर्धा हात पुन्हा फिरवायला १७ किलो. एकूण १०२. पंचवीस किलोची पाच पोती, वर थोडी शिल्लक.

आणि हे सगळं कुठे बिघडतं माहितीये? लांबीत नाही! टेप, खुंट्या आणि न ताणणारी तार असली की लांबी फारशी चुकत नाही. माल खाते ती रुंदी. मामा उत्साहात आले की रेघ सात सेंटीमीटरची होते आणि नुसत्या डोळ्यांना ते कळतही नाही. दोन सेंटीमीटरने काय बिघडतं? १,५५२ मीटरवर ते ३१ चौरस मीटर होतात! ८५ किलोंचे थेट ११९. ‘दरवर्षी पाच-सहा पोती’ लागतात आणि तरी शेवटी फक्की कमी पडते, त्याचं कारण बहुतेक हेच असावं. आम्ही पाच सेंटीमीटरची एक लाकडी पट्टी कापून सातवीतल्या दोन मुलींच्या हातात दिली. गाडीमागे चालायचं आणि दर पाच पावलांवर पट्टी रेघेवर आडवी ठेवायची. “मामा, जास्त होतंय!” अशी हाक आली की मामा फटीची पत्री थोडी सरकवायचे. त्या दोघींइतकी कडक तपासणी आमच्या ऑडिटरनेही कधी केली नसेल.

अजून एक बारकावा, तो पी.टी.च्या सरांनी दाखवला. सुतळी किंवा तारेचं टोक जिथे येतं ती रेघेची बाहेरची कड. फक्की नेहमी आतल्या बाजूला टाकायची, सातही रेघांना. कारण १.२२ मीटरच्या पट्ट्यात त्याची बाहेरची रेघ धरलेली असते. एकदा आत, एकदा बाहेर केलं की पट्टा पाच सेंटीमीटरने हलतो. आणि सकाळी दव असताना गाडी काढायची नाही. ओली फक्की फटीत गठ्ठा धरते, रेघ तुटक पडते, मग वरून हाताने भर घालावी लागते आणि तिथेच थर तिप्पट होतो. वाऱ्याच्या दिवशी फट जमिनीजवळ ठेवायची, नाहीतर अर्धी रेघ शेजारच्या पट्ट्यात.

स्पर्धा झाल्या आणि वीसेक किलो फक्की उरली. पोरं क्रिकेटच्या मागे लागलीच होती, तर मी लगेच वही उघडली. गोलंदाजीची रेघ २.६४ मीटर. तिच्यापुढे १.२२ मीटरवर फलंदाजाची रेघ, मधल्या यष्टीच्या दोन्ही बाजूंना कमीत कमी १.८३. (१.२२ म्हणजे चार फूट, पट्ट्याचीच रुंदी! हे दिसल्यावर मी पुन्हा उभा राहिलो.) बाजूच्या दोन रेघा २.४४ च्या. एका टोकाला ११.१८, दोन्ही मिळून २२.३६ मीटर. सव्वा किलो फक्कीत काम झालं. अर्थात तिथे लांबी-रुंदीपेक्षा किती वेळा पुन्हा मारता यावर खर्च ठरतो, कारण फलंदाज गार्ड घेऊन घेऊन ती रेघ तासाभरात खरवडून टाकतो.

मग तीस यार्डांचं वर्तुळ. ते वर्तुळ नाहीच मुळी! दोन्ही टोकांच्या मधल्या यष्ट्यांभोवती २७.४३ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं आणि त्यांना जोडणाऱ्या २०.१२ मीटरच्या दोन सरळ रेघा. म्हणजे आमचा ट्रॅकच की! लांबी २१२.६ मीटर, फक्की पावणेबारा किलो. मामांनी ते मारलं तेव्हा कळलं की त्याची रुंदी जवळजवळ ५५ मीटर आणि आमचं मैदान जेमतेम साठ. सीमारेषेला जागाच उरली नाही. तेव्हा कंपाउंडच्या भिंतीला लागला की चौकार, असं ठरलं.